डोकं एक, ठोके दोन, पाणी तीन

पऱ्हाटीवर औषध मारायला गेलेला माणूस संध्याकाळी दवाखान्यात आणला जातो. विदर्भात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. पाठीवरचा पंप दिवसभर गळत होता आणि शर्ट त्या पाण्यानं भिजलेला आहे. तोंडातून लाळ वाहतेय, डोळे पाणावलेत, अंग घामानं निथळतंय. दोनदा उलटी झाली, जुलाब लागलेत, लघवी कपड्यातच झाली. छातीला स्टेथोस्कोप लावला की आत हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज येतो. डोळ्यांवर विजेरी टाकली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात.

मांडीवरची चादर बाजूला केली की आणखी एक गोष्ट दिसते. कातडीखाली काहीतरी वळवळतंय. पाय हलत नाही, पण स्नायूचे बारीक बारीक धागे जागच्या जागी फडफडतायत. तळ्याच्या पाण्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसं ते दिसतं.

मी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. या माणसाचं वर्णन फळ्यावर लिहिलं की मुलं लाळ, घाम, जुलाब, बारीक बाहुल्या हे सगळं भराभर ओळखतात, कारण त्यासाठी पाठ केलेले शब्द त्यांच्याजवळ असतात. मांडीतली वळवळ मात्र बहुतेकांच्या पाठांतरात नसते. आणि पहिल्या रात्रीतून वाचलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी दगावतो तो बऱ्याचदा त्या वळवळीच्या बाजूनं. म्हणून ज्या तक्त्याबद्दल मला सांगायचंय, तो मी पूर्ण, दोन्ही बाजूंनी शिकवते.

तक्ता आहे ॲसिटिलकोलीन या एका रसायनाचा. नसेच्या टोकातून ते बाहेर पडतं आणि समोरच्या पेशीला निरोप देतं. ते खरोखर रसायनच आहे हे 1921 साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, ते मंदावलं. त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर नस न छेडताही तेसुद्धा मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी द्रवात उतरलं होतं. त्याआधी 1914 साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवली होती. ॲसिटिलकोलीनची काही कामं एका रानटी अळंबीतल्या मस्करीन या विषासारखी होती आणि काही तंबाखूतल्या निकोटीनसारखी. रसायन एक आणि स्वभाव दोन. 1936 चं नोबेल या दोघांना मिळून मिळालं.

या दोन स्वभावांचं कारण समोरच्या पेशीवर आहे. ॲसिटिलकोलीन ज्याला जाऊन चिकटतं तो रिसेप्टर दोन वेगळ्या घराण्यांचा असतो. डेल यांच्या विषांवरून त्यांची नावं पडली: मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक. परीक्षेत ज्याला तक्ता म्हणतात तो एवढाच आहे. कोणत्या घराण्यातला कोणता भाऊ शरीरात कुठे राहतो आणि पेशीच्या आत निरोप कसा पोचवतो.

मस्कॅरिनिक घराण्यात पाच भाऊ, एम-१ ते एम-५. रोजच्या वैद्यकात पहिल्या तिघांशी गाठ पडते. त्यांची घरं लक्षात ठेवायला इंग्रजीत बऱ्याच युक्त्या आहेत, पण आपल्या मुलांना त्या परक्या भाषेतल्या कवायतीसारख्या वाटतात. मी त्यांना सात शब्दांत सांगते: डोकं एक, ठोके दोन, पाणी तीन, बस.

माणसाला डोकं एकच, म्हणून एम-१ मेंदूत. स्मरण, लक्ष, जागेपण यांत त्याचा हात असतो. हृदयाचे आवाज दोन, लब आणि डब, म्हणून एम-२ हृदयात, विशेषतः ठोक्यांची लय ठरवणाऱ्या गाठीत. आणि माणसाच्या अंगातून येणारी पाणी म्हणजे तीन: डोळ्यातलं, तोंडातलं आणि अंगावरचं. म्हणून एम-३ ग्रंथींमध्ये. त्याच एम-३ कडे आतडी, मूत्राशय, श्वासनलिका आणि डोळ्याची बाहुली यांचे आकसणारे स्नायूही आहेत. मुलांना मी सांगते, ओल आणि आवळणं ही दोन्ही कामं तिघांतल्या तिसऱ्याची.

एम-४ आणि एम-५ मेंदूच्या खोल भागात असतात. त्यांच्याकडे आजवर आपण फारसं पाहिलं नाही, पण 2024 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी एम-१ आणि एम-४ यांना जागं करणारं औषध मंजूर झालं. त्या गोळीत दुसरं एक औषध मुद्दाम मिसळलेलं आहे. ते मेंदूत फारसं शिरत नाही आणि शरीरातल्या बाकी मस्कॅरिनिक रिसेप्टरांना गप्प ठेवतं, म्हणजे डोक्यातलं काम होईल आणि लाळ, जुलाब, पोटदुखी होणार नाही. गोळीची ही सगळी रचना तक्त्यातल्या जागांवर बेतलेली आहे.

आता निरोप आत कसा पोचतो ते. मस्कॅरिनिक रिसेप्टर हा दारावरच्या घंटेसारखा आहे. घंटा वाजवणारा आत येत नाही. आत बसलेला गडी उठतो आणि पुढचं काम करतो. या गड्याला जी-प्रोटीन म्हणतात, आणि तो पुढे जे रसायन पाठवतो त्याला दुय्यम निरोप्या. इथे पाठ करण्यासारखी ओळ एकच: विषम चालवी, सम थांबवी.

विषम म्हणजे एम-१, एम-३, एम-५. यांचा गडी जी-क्यू. तो पेशीच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ तोडायला लावतो, त्यातून आयपी-३ नावाचा तुकडा निघतो आणि तो पेशीच्या आतल्या कोठारातला कॅल्शियम मोकळा करतो. कॅल्शियम वाढला की ग्रंथी पाझरते आणि स्नायू आवळतो. सम म्हणजे एम-२ आणि एम-४. यांचा गडी जी-आय, म्हणजे अडवणारा. तो सायक्लिक एएमपी या निरोप्याचं उत्पादन कमी करतो, आणि हृदयात शिवाय पोटॅशियमच्या वाटा उघडतो. पोटॅशियम बाहेर पडला की पेशी शांत होते आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. लोवी यांचं बेडकाचं हृदय मंदावलं ते याच वाटेनं.

निकोटिनिक घराण्यात गडी नाही, निरोप्या नाही. रिसेप्टर स्वतःच दार आहे. पाच तुकड्यांचं कडं, मध्ये भोक. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू त्याला चिकटले की भोक उघडतं, सोडियम आत घुसतो, आणि हे सगळं एखाद्या मिलिसेकंदात. घंटा वाजवून गडी उठण्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हात उचलायचा तर वाट बघून चालत नाही, म्हणून हातापायाच्या स्नायूंना दार दिलेलं आहे आणि पचनासारख्या निवांत कामाला घंटा.

याचे मुख्य प्रकार दोन, आणि इथे इंग्रजी अक्षरं आपल्या शब्दांशी जुळतात: एन-एम मांसपेशीत, एन-एन नसेत. मांसपेशी म्हणजे हातपाय, मान आणि श्वासाचा पडदा. नस म्हणजे मेंदू, आणि पाठीच्या कण्यापासून अवयवांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गाठी. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभाही त्यातच मोजायचा, कारण तो मुळात अशीच एक नसांची गाठ आहे. फक्त तो आपलं ॲड्रिनॅलीन थेट रक्तात सोडतो.

फळ्यावर तक्ता शेवटी असा उरतो:

| रिसेप्टर | आठवण | मुख्य जागा | आतली वाट |
|---|---|---|---|
| एम-१ | डोकं एक | मेंदू | जी-क्यू, कॅल्शियम वाढतो |
| एम-२ | ठोके दोन | हृदय | जी-आय, सायक्लिक एएमपी घटतो, पोटॅशियम बाहेर |
| एम-३ | पाणी तीन | ग्रंथी, आतडी, मूत्राशय, श्वासनलिका, बाहुली | जी-क्यू, कॅल्शियम वाढतो |
| एन-एम | मांसपेशी | हातपाय, मान, श्वासाचा पडदा | थेट दार, सोडियम आत |
| एन-एन | नस | नसांच्या गाठी, अधिवृक्काचा गाभा, मेंदू | थेट दार, सोडियम आत |

आता त्या पऱ्हाटीतल्या माणसाकडे परत जाऊ. एरवी ॲसिटिलकोलीन निरोप देतं आणि क्षणात संपतं, कारण कोलीनेस्टरेज नावाचं विकर त्याचे तिथल्या तिथे तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं नेमकी या विकराला जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ एकाच वेळी पेटते. म्हणून हा रुग्ण म्हणजे चालता बोलता तक्ता आहे. लाळ, घाम, अश्रू, उलट्या, जुलाब, कपड्यातली लघवी, बारीक बाहुल्या आणि छातीतली घरघर या सगळ्या एम-३ च्या. मंद नाडी एम-२ ची. गोंधळलेपणा आणि झटके मेंदूतले. मांडीतली वळवळ एन-एम ची: दार पुन्हा पुन्हा उघडतंय आणि स्नायूचा एकेक धागा उगाच आकसतोय.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळली जात होती. त्यातलं प्रत्येक औषध ऑर्गॅनोफॉस्फरस नव्हतं. हा तक्ता फक्त कोलीनेस्टरेज अडवणाऱ्या विषांना लागू पडतो, आणि फवारणीचा प्रत्येक रुग्ण त्यात बसवायला गेलं तर चूक होते. म्हणून डॉक्टरला डबा हवा असतो.

तक्त्यात एक सापळाही आहे आणि तो नाडीत आहे. पाठांतराप्रमाणे या रुग्णाची नाडी मंद असायला हवी. प्रत्यक्षात ती अनेकदा 110, 120 असते. मग नवखा डॉक्टर म्हणतो, हे ते विष नाही. पण एन-एन ची ओळ वाचा. नसांच्या गाठीही पेटल्यात आणि अधिवृक्काचा गाभा ॲड्रिनॅलीन ओततोय. हृदयावर एकाच वेळी एम-२ चा ब्रेक आणि ॲड्रिनॅलीनचा चाबूक आहे, आणि नाडी त्या दोघांत जो जिंकेल त्याची. बाहुल्यांचंही कधीकधी तसंच होतं. म्हणून नाडी जलद आहे एवढ्यावरून विष नाकारू नये. छातीतली घरघर आणि घाम यांवर जास्त विश्वास ठेवावा, कारण तिथे दोन बाजू भांडत नाहीत. घामाच्या ग्रंथींना येणाऱ्या नसा सिम्पथेटिक, म्हणजे एरवी ॲड्रिनॅलीनच्या जातभाईंना वापरणाऱ्या, पण घामापुरत्या त्या ॲसिटिलकोलीनच सोडतात. शरीराच्या या एका अपवादामुळे भिजलेली काख मोठ्या कामाची खूण होते.

पहिला जीव जातो तो छातीत. श्वासनलिका पाण्यानं भरतात, त्या आवळतात, आणि माणूस आपल्याच स्रावात बुडतो. इथे उतारा ॲट्रोपीन. ते सगळ्या मस्कॅरिनिक रिसेप्टरांवर जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलीनला जागा देत नाही. पण ही जागेसाठीची चढाओढ आहे. समोर ॲसिटिलकोलीनचा पूर आलाय, म्हणून ठरलेला एक डोस देऊन भागत नाही. आपल्याकडच्या ॲट्रोपीनच्या अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. पहिल्यांदा तीन अँप्यूल, म्हणजे 1.8 मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पाच मिनिटांनी छाती ऐकली, घरघर तशीच. मग दुप्पट, सहा अँप्यूल, 3.6 मिलिग्रॅम. आणखी पाच मिनिटं. घरघर कमी झाली पण काख अजून ओली. मग बारा अँप्यूल, 7.2 मिलिग्रॅम. आता दोन्ही फुफ्फुसांत हवा स्वच्छ वाजते, काख कोरडी, नाडी 80 च्या वर, रक्तदाब ठीक. एकवीस अँप्यूल झाली, 12.6 मिलिग्रॅम. यापुढे या एकूण मात्रेच्या दहा ते वीस टक्के, म्हणजे तासाला साधारण 1.3 ते 2.5 मिलिग्रॅम, सलाइनमधून चालू ठेवायचं. एकाच वेळी बारा अँप्यूल फोडताना परिचारिकेचे हात थबकतात, कारण एरवी वॉर्डात एखाद-दुसरं अँप्यूल लागतं. त्या क्षणी चढाओढीचं गणित तिला समजावून सांगावं.

थांबायचं कुठे हे पुन्हा तक्ताच सांगतो. ॲट्रोपीन जास्त झालं तर तीच ओळ उलटी वाचायला मिळते. तोंड कोरडं ठणठणीत, अंग तापतं पण घाम नाही, पोटाचा आवाज बंद, लघवी अडते, नाडी धावते, आणि डोक्यातला एम-१ अडल्यामुळे माणूस बरळतो, हवेतल्या वस्तू पकडायला जातो. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना हे चित्र ठाऊक असतं, कारण धोत्रा खाल्लेला माणूस नेमका असाच दिसतो. उकिरड्यावर उगवणाऱ्या आणि महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्यात ॲट्रोपीनच्याच कुळातली द्रव्यं असतात. रुग्ण असा दिसू लागला की सलाइनमधलं ॲट्रोपीन थोडा वेळ थांबवून कमी वेगानं पुन्हा सुरू करायचं. एकदम बंद करून टाकलं आणि विष अजून अंगात असलं, तर छाती पुन्हा भरते.

हे सगळं होत असताना मांडीतली वळवळ तशीच चालू असते. ॲट्रोपीन तिला शिवतही नाही, कारण ते घंटेवर बसतं, दारावर नाही. ही एक गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एम च्या ओळी कोरड्या केल्या म्हणून एन च्या ओळी बऱ्या होत नाहीत.

दाराच्या बाजूला काय होतं ते पाहा. सुरुवातीला दार सारखं उघडमीट होतं, म्हणून वळवळ. पण ॲसिटिलकोलीन तसंच चिकटून राहिलं की दार दमतं, साद देईनासं होतं, आणि स्नायू ढिला पडतो. वळवळ थांबते आणि नातेवाईक म्हणतात, आता शांत झाला. ते शांत होणं नसतं, लुळं पडणं असतं.

1987 साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियड्डे या डॉक्टरांनी याचं एक वेगळं रूप नोंदवलं. पहिल्या रात्रीची घरघर गेली, बाहुल्या सुधारल्या, रुग्ण बोलू लागला, आणि मग साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान त्याची मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू दुबळे होत गेले. त्याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. इथे लाळ नाही, घाम नाही, काहीच ओलं नाही. फक्त पाठांतराच्या ओल्या बाजूवर नजर ठेवणाऱ्या डॉक्टरला रुग्ण बरा दिसतो आणि पहाटे श्वास थांबतो. या अवस्थेवर ॲट्रोपीनचा उपयोग नाही. वेळेत ओळखून व्हेंटिलेटर दिला तर बहुतेक माणसं काही दिवसांत किंवा आठवड्यांत स्वतःचा श्वास पुन्हा घेऊ लागतात.

ओळखायचं कसं, तर यंत्राशिवाय. रुग्ण उताणा झोपलेला असतो. त्याला म्हणायचं, "भाऊ, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा." धडधाकट माणूस सहज उचलतो. मानेचे स्नायू दुबळे झालेला माणूस हनुवटी जरा पुढे करतो, डोकं मात्र उशीवरच राहतं. तिथून श्वासाचा पडदा फार दूर नसतो. दर काही तासांनी ही तपासणी करावी आणि वेळेसह लिहून ठेवावी. सकाळी डोकं उचललं होतं आणि दुपारी उचललं नाही, हा फरक कोणत्याही रक्ततपासणीच्या आधी हाती येतो.

दाराच्या बाजूसाठी एक औषध आहे, प्रॅलिडॉक्झिम. वॉर्डात त्याला पॅम म्हणतात. ते रिसेप्टरवर बसत नाही. ते निकामी झालेल्या कोलीनेस्टरेजवरचं विष उपटून काढतं. म्हणजे पूरच ओसरतो आणि त्याचा फायदा एम आणि एन दोघांना व्हायला हवा. पण काही तासांत विष त्या विकरावर असं घट्ट बसतं की पॅमला ते निघत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या विषांत हे लवकर होतं, काहींत दिवसभर वेळ मिळतो. म्हणून रुग्ण किती वाजता पोचला याला फार महत्त्व आहे.

पॅमवर एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बारामतीत झाला. 2006 साली "लॅन्सेट" या नियतकालिकात तो आला. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 रुग्णांमध्ये दोन पद्धती ताडून पाहिल्या. आधीची मात्रा देऊन झाल्यावर अर्ध्या रुग्णांना दर तासाला एक ग्रॅम याप्रमाणे 48 तास सतत पॅम दिलं, उरलेल्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम. सतत दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले आणि श्वासाला यंत्राचा आधारही कमी लागला. तीन वर्षांनी श्रीलंकेतून आलेल्या अभ्यासात मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. तिथे विषाचं प्रमाण आणि प्रकार वेगळे होते. बारामतीत रुग्ण लवकर पोचत होते आणि अतिदक्षता विभागाची सोय चांगली होती. मला वाटतं, दोन्ही अभ्यास आपापल्या जागी खरे असू शकतात, आणि पॅमचा भरवसा धरून ॲट्रोपीन आणि व्हेंटिलेटर यांत कसूर करणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरेल.

तक्त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मूत्राशयात मोजायला गेलं तर एम-२ ची संख्या एम-३ पेक्षा जास्त भरते, पण आवळण्याचं काम मुख्यतः एम-३ करतो. म्हणून "कुठे आहे" आणि "कोण काम करतं" हे एकच नव्हे, आणि तक्त्यातली जागा म्हणजे कामाची जागा समजावी. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात एम-३ आहे, तरी तिथे तो आवळत नाही. कॅल्शियम वाढला की अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि बाजूचा स्नायू सैल पडतो. "ओल आणि आवळणं" या माझ्या वाक्याला तो अपवाद आहे, आणि मुलांना मी तो तसाच सांगते.

हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी फवारणी होत असेल तर एवढं करावं. औषध अंगावर सांडलं तर भिजलेले कपडे लगेच काढावेत आणि अंग, केस, नखांखालची जागा साबणानं धुवावी. धुणाऱ्यानं हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालावी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. लाळ, घाम, घरघर दिसली की घरी वाट बघू नये. औषधाचा डबा, निदान त्यावरचा त्रिकोण आणि नाव असलेला कागद, रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावा, म्हणजे हा तक्ता लागू पडतो की नाही हे डॉक्टरला लगेच कळेल. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बसून चहा पिऊ लागला तरी सुट्टीची घाई करू नये. त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगावं, आणि डोकं उचललं गेलं नाही तर त्याच क्षणी डॉक्टरला हाक मारावी.